‘वाढते’, ‘वाढली’, ‘वाढली आहे’ की ‘वाढली असावी’? शोधनिबंधातला काळ कसा निवडावा

पहिलाच शोधनिबंध मराठीत लिहिणाऱ्यांचे मसुदे माझ्याकडे तपासायला येतात, तेव्हा मी सर्वांत आधी प्रत्येक वाक्याचे शेवटचे क्रियापद लाल पेनाने अधोरेखित करते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि लेखकाची आपल्या विधानावर किती भिस्त आहे तेही तिथेच कळते. ही पाच वाक्ये पाहा:

उन्हाळ्यात क्षारता वाढते.
उन्हाळ्यात क्षारता वाढली.
उन्हाळ्यात क्षारता वाढली आहे.
उन्हाळ्यात क्षारता वाढली होती.
उन्हाळ्यात क्षारता वाढली असावी.

पहिले वाक्य नियम सांगते: दरवर्षी असेच होते, पुढेही होणार. दुसरे एका उन्हाळ्यात घडलेली घटना सांगते. तिसऱ्यात ती वाढ अजून टिकून आहे. चौथे वाचले की वाचक पुढच्या ‘पण नंतर’ची वाट पाहू लागतो. पाचव्यात लेखकाने वाढ मोजलेली नाही, अंदाज केला आहे. शब्द तेच असले तरी हे पाच वेगळे दावे आहेत. पुरावा एकाचा आणि क्रियापद दुसऱ्याचे, अशी गफलत झाली की परीक्षकाचा पहिला प्रश्न तिथेच येतो.

ही गफलत सर्वांत जास्त सारांश, प्रस्तावना आणि निष्कर्ष या तीन भागांत होते. पद्धती आणि निरीक्षणे या मधल्या भागांत ती फारशी होत नाही. तिथे ‘नमुने घेतले’, ‘मोजमाप केले’, ‘आकडा इतका आला’ असा साधा भूतकाळ आपोआप येतो, कारण आपण केलेलेच सांगत असतो. उरलेल्या तीन भागांत मात्र इतरांचे दावे, स्वतःचे निरीक्षण, त्यावरचे अनुमान आणि खुद्द निबंधाचे वर्णन एकमेकांत मिसळते. म्हणून हा लेख त्या तीन भागांपुरताच आहे.

उदाहरणाला एक निबंध घेऊ

समजा, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या पाण्यावर एका विद्यार्थिनीने निबंध लिहिला आहे. तिने एका वर्षात दर महिन्याला चार ठिकाणांहून पाण्याचे नमुने घेतले, म्हणजे एकूण ४८. त्यातले एक ठिकाण कमळजा देवीच्या मंदिराजवळचे, एक गोड्या पाण्याची धार सरोवरात उतरते तिथले, आणि दोन समोरच्या काठावरची. मे महिन्यात क्षारता लिटरला सरासरी १२ ग्रॅम आली, सप्टेंबरात ७ ग्रॅम. धारेच्या मुखाशी ती बारा महिने इतर तिन्ही ठिकाणांपेक्षा कमी होती. हा निबंध आणि हे आकडे मी उदाहरणासाठी कल्पिलेले आहेत. लोणारविषयी पुढे येणारा इतिहास मात्र खरा आहे, आणि काळ शिकायला तो फार उपयोगी पडतो, कारण त्यात पक्के ठरलेले, वादात असलेले आणि मागे पडलेले असे तिन्ही प्रकारचे दावे सापडतात.

पायरी पहिली: दावे कागदावर वेगळे काढा

लिहायला बसण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर निबंधातली महत्त्वाची विधाने एकाखाली एक लिहा. क्रियापद अजून लिहू नका, नुसता मजकूर लिहा: ‘विवर – उल्कापात’, ‘विवराचे वय’, ‘पाणी गुलाबी – २०२०’, ‘मे – क्षारता जास्त’, ‘कारण – बाष्पीभवन’, ‘धार – क्षारता कमी’. मग प्रत्येकापुढे दोन प्रश्नांची उत्तरे लिहा. हे कोण म्हणते: सगळे, दुसरा कुणी संशोधक, की मी? आणि हे कुठवर खरे आहे: नेहमी, आजपर्यंत, तेवढ्या वेळेपुरते, की फक्त माझ्या तर्कापुरते?

आपल्या उदाहरणात विवर उल्कापाताने झाले हे आज सर्वमान्य आहे. वयाबद्दल एकमत नाही. पाणी गुलाबी होणे ही तारीख असलेली घटना. मे महिन्यातला आकडा माझा, एका वर्षाचा. बाष्पीभवन हे माझे अनुमान, कारण मी बाष्पीभवन मोजलेले नाही. धारेजवळची घट माझी, पण ती बाराही महिने दिसली. हा कागद शेवटपर्यंत जवळ ठेवा. पुढे प्रत्येक क्रियापद याच उत्तरांशी ताडून पाहायचे आहे.

लिहिण्याचा क्रम मी असा सुचवते: आधी निष्कर्ष, मग प्रस्तावना, सगळ्यात शेवटी सारांश. छापताना क्रम उलटा असतो, पण दावा जिथे जन्मतो तिथून निघालात तर तो वाटेत फुगत नाही.

पायरी दुसरी: निष्कर्ष

निष्कर्षात तीन कामे असतात, आणि तिघांना तीन वेगळी क्रियापदे लागतात.

पहिले काम म्हणजे काय आढळले ते सांगणे. इथे साधा भूतकाळ ठेवा: ‘चारही ठिकाणी मे महिन्यात क्षारता सर्वाधिक आढळली.’ नवे लेखक इथे हमखास ‘आढळते’ लिहितात. मराठीत ‘आढळते’ भारदस्त वाटते आणि पाठ्यपुस्तकांतून तेच कानावर पडलेले असते. पण पाठ्यपुस्तक ठरलेल्या ज्ञानाविषयी बोलते. एका वर्षाच्या ४८ नमुन्यांवरून ‘उन्हाळ्यात क्षारता जास्त असते’ म्हणता येत नाही. पुढच्या वर्षी वळवाचा पाऊस लवकर आला तर ते वाक्य खोटे ठरेल, ‘आढळली’ मात्र खरेच राहील.

मराठीत ‘आहे’ आणि ‘असते’ वेगळे आहेत, हे इथे नीट वापरून घ्या. ‘लोणारचे पाणी अल्कधर्मी आहे’ हे या एका सरोवराचे वर्णन झाले. ‘बंदिस्त खाऱ्या सरोवरांचे पाणी उन्हाळ्यात जास्त खारट असते’ हे एका संपूर्ण जातीविषयीचे विधान झाले. दुसऱ्या वाक्यासाठी अनेक सरोवरांचा पुरावा हवा. आपल्याकडे एकच सरोवर असेल तर ‘असते’ वापरणे म्हणजे न केलेल्या अभ्यासाचा दावा करणे.

धारेजवळच्या घटीचे काय? ती बारा महिने सातत्याने दिसली. इथे ‘वर्षभर कमी राहिली’ हे बरोबर. ‘राहिली’मध्ये सातत्य येते आणि भूतकाळही टिकतो. ‘कमी असते’पर्यंत जाण्याची गरज नाही.

दुसरे काम अर्थ लावण्याचे, आणि इथे मराठीकडे एक फार चांगले हत्यार आहे: विध्यर्थ. ‘ही वाढ बाष्पीभवनामुळे झाली असावी.’ शाळेच्या व्याकरणात विध्यर्थाच्या अर्थांमध्ये ‘तर्क’ हा अर्थ शिकवलेला असतो, तोच हा. ‘झाली असावी’मधून तीन गोष्टी एकदम कळतात: वाढ झाली हे नक्की, कारण मी पाहिलेले नाही, पण पुरावा मला तिकडे नेतो. ‘झाली असेल’ याहून सैल आहे. तो नुसता अंदाज वाटतो, निबंधात फारसा शोभत नाही. ‘झाली असू शकते’ म्हणजे ही अनेक शक्यतांपैकी एक. दुसरे कारणही तितकेच संभवत असेल, तरच हे वापरा. मी विद्यार्थ्यांना सांगते की ‘असू शकते’ लिहिलेत तर पुढच्या वाक्यात दुसरी शक्यता कोणती तेही लिहा. ती सुचत नसेल तर तुम्हाला ‘असावी’च म्हणायचे आहे.

विध्यर्थाचा एक धोकाही आहे. तोच प्रत्यय शिफारशीलाही लागतो, आणि निष्कर्षाचे तिसरे काम शिफारशीचेच असते. एका मसुद्यात मी हे वाक्य वाचले होते: ‘धारेच्या मुखाशी क्षारता कमी असावी.’ लेखकाला म्हणायचे होते की ती बहुधा कमी आहे. वाचणाऱ्याला वाटले, ती कमी ठेवायला हवी असे सुचवले आहे. यावर उपाय सोपा. तर्क सांगताना मुख्य क्रियापदाचे भूतकाळी किंवा चालू रूप आणि त्यापुढे ‘असावे’ अशी जोडी ठेवा: ‘झाली असावी’, ‘होत असावी’. शिफारस करताना थेट ‘घ्यावेत’, ‘मोजावे’ लिहा आणि ते कुणी करायचे हेही लिहा: ‘पुढील अभ्यासकांनी किमान तीन वर्षे नमुने घ्यावेत.’ तर्काची आणि शिफारशीची वाक्ये एकाच परिच्छेदात शेजारीशेजारी ठेवू नका.

पुढच्या कामासाठी भविष्यकाळ लागतोच, पण तो स्वतःच्या नावावर लिहिताना जपून. ‘यापुढे बाष्पीभवनाचा दर मोजला जाईल’ हे आश्वासन आहे. मोजण्याचे ठरलेले नसेल तर ‘बाष्पीभवनाचा दर मोजल्यास हे कारण तपासता येईल’ असे लिहा. ‘-ता येईल’ मार्ग दाखवते, बांधून घेत नाही.

पायरी तिसरी: प्रस्तावना

काळांची खरी गर्दी प्रस्तावनेत असते. इथे तुम्ही दुसऱ्यांच्या कामाविषयी बोलता, आणि प्रत्येक वेळी तुम्हाला ते काम पटते की नाही हे क्रियापदावरून वाचकाला कळत जाते.

सुरुवात ठरलेल्या गोष्टींपासून होते. तिथे वर्तमानकाळ: ‘लोणार सरोवर बेसाल्ट खडकातील उल्कापाती विवरात आहे.’ त्याला संदर्भाचा आधार द्या, पण क्रियापद मऊ करू नका. सर्वमान्य गोष्टीला ‘असावे’ लावले तर तुम्ही नाहक वाद उकरून काढत आहात असे दिसते.

मग इतिहास. लोणारचे विवर एके काळी ज्वालामुखीमुळे झाले असे अनेक अभ्यासक मानत. १९७३ साली फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या खडकात मास्केलिनाइट दाखवले. हा पदार्थ प्रचंड आघाताच्या दाबाखाली तयार होतो, म्हणून उल्कापाताची बाजू पक्की झाली. आता हीच गोष्ट क्रियापदांत कशी बसते पाहा:

‘हे विवर ज्वालामुखीजन्य असल्याचे मानले जात असे. फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये विवरातील खडकात मास्केलिनाइट असल्याचे दाखवले. त्यामुळे विवराची उत्पत्ती उल्कापाताने झाल्याचे सिद्ध झाले आहे.’

‘मानले जात असे’ हा रीतिभूतकाळ. तो सांगतो की ही समजूत होती आणि आता नाही. ‘मानले जाते’ लिहिले असते तर वाचकाला वाटले असते की दोन्ही मते आजही उभी आहेत. ‘दाखवले’ ही साल असलेली घटना. ‘सिद्ध झाले आहे’ म्हणजे ती घटना संपली, पण तिचा निकाल आज लागू आहे. एकच मत तीन वाक्यांत तीन पायऱ्या उतरले, आणि हे सांगायला वेगळे विशेषण लागले नाही.

आता नव्या लेखकांची सर्वांत मोठी सवय: सगळ्या जुन्या कामाला ‘होते’ जोडणे. ‘फ्रेडरिक्सन यांनी १९७३ मध्ये दाखवले होते.’ वर्तमानपत्रांच्या बातम्यांत हे रूप सर्रास येते, कारण बातमी आज घडलेल्या गोष्टीची असते आणि आधीचे संदर्भ तिच्या मागे जातात. निबंधात मात्र ‘दाखवले होते’ वाचले की मन ‘पण’ची वाट पाहते: दाखवले होते, पुढे काय झाले? पुढे काहीच झाले नसेल तर साधे ‘दाखवले’ लिहा. ‘होते’ राखून ठेवा ते खरोखर उलटलेल्या किंवा वादात सापडलेल्या निकालासाठी.

विवराचे वय हे तसे उदाहरण. नव्वदच्या दशकात उष्णतादीप्ती पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे असल्याचे सांगितले गेले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अरगॉन पद्धतीच्या अभ्यासाने ते सुमारे ५,७०,००० वर्षे काढले, म्हणजे जवळजवळ अकरापट. इथे लिहिता येईल: ‘आधीच्या अभ्यासात हे वय सुमारे ५२,००० वर्षे सांगितले होते. अरगॉन पद्धतीने ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले आहे.’ पहिल्या वाक्यातल्या ‘होते’ने वाचकाला सावध केले, दुसऱ्यातल्या ‘निघाले आहे’ने कोणता आकडा आज पुढे आहे ते सांगितले. तुम्हाला बाजू घ्यायची नसेल तर दोन्हीकडे ‘आहे’ ठेवा: ‘एका पद्धतीने ५२,००० वर्षे असे वय निघाले आहे, दुसरीने ५,७०,००० वर्षे.’ म्हणजे दोन्ही निकाल तुम्ही वाचकासमोर सारखेच उभे ठेवलेत. यातले काय करायचे ते ठरवूनच लिहा, कारण नकळत पडलेल्या एका ‘होते’नेही बाजू घेतली जाते.

दुसऱ्याचे मत सांगताना आणखी एक बारकावा सांभाळायला हवा. मराठीत ‘त्यांनी म्हटले की पाणी खारट आहे’ असे लिहितो. बाहेरचे क्रियापद भूतकाळी असले तरी आतले वर्तमानकाळीच राहते, कारण ते त्यांच्या तोंडचे असते. म्हणून आतल्या ‘आहे’वरून तुम्हाला ते पटते की नाही हे कळत नाही. ती जबाबदारी बाहेरच्या क्रियापदावर पडते. ‘दाखवले’, ‘सिद्ध केले’ म्हणजे तुम्ही ते स्वीकारता. ‘म्हटले’, ‘मांडले’, ‘सुचवले’ म्हणजे मत त्यांचे, तुम्ही अजून बाजूला उभे. जून २०२०मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले (इथे ‘झाले’, कारण तारीख आहे). पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे सांगितले. तुमचा निबंध त्यावरच पुढे उभा राहणार असेल तर ‘सांगितले’ऐवजी ‘दाखवले’ लिहा, आणि मग शेवटपर्यंत त्या भूमिकेशी प्रामाणिक राहा.

‘-ल्याचे’ आणि ‘-त असल्याचे’ हेही लक्षात ठेवा. ‘क्षारता वाढल्याचे आढळले’ म्हणजे वाढून झाली होती. ‘क्षारता वाढत असल्याचे आढळले’ म्हणजे वाढ चालू होती आणि कदाचित अजूनही आहे. मे महिन्याचा एक मोठा आकडा हातात धरून ‘वाढत असल्याचे’ लिहिणारे बरेच जण मी पाहिले आहेत. वाढत्या कलाचा दावा करायचा तर अनेक वर्षांचे आकडे लागतात.

मग येते उणीव दाखवणारे वाक्य, म्हणजे हा अभ्यास का हवा होता ते. इथे नकाराची रूपे वजन ठरवतात. ‘असा अभ्यास झाला नाही’ हे एखादी घटना न घडल्यासारखे वाटते. ‘असा अभ्यास झालेला नाही’ म्हणजे आजपर्यंत कधीच नाही, आणि तुम्ही सगळे वाङ्मय चाळून ठामपणे सांगत आहात. बहुतेक वेळा खरे विधान इतकेच असते: ‘क्षारतेचा महिनावार अभ्यास आमच्या पाहण्यात आलेला नाही.’ परीक्षकाच्या माहितीत एखादा जुना अभ्यास निघाला तरी हे वाक्य खोटे पडत नाही. ‘झालेला नव्हता’ मात्र प्रस्तावनेत टाळा. त्यात तुमचा निबंध छापून झाल्यावर मागे वळून पाहिल्याचा सूर येतो.

प्रस्तावनेच्या शेवटी निबंधाची रचना सांगतात. इथे मराठीची रूढ पद्धत पूर्ण वर्तमानकाळाची आहे: ‘दुसऱ्या भागात नमुने घेण्याची पद्धत दिली आहे. तिसऱ्या भागात निरीक्षणे मांडली आहेत.’ निबंध वाचकाच्या हातात आहे, त्यात ते आहेच. तरीही दर दुसऱ्या प्रबंधात मला इथे ‘अभ्यास केला जाणार आहे’, ‘मांडणी करण्यात येईल’ असा भविष्यकाळ सापडतो. तो कुठून येतो हे सहज कळते. आराखडा सादर करताना काम व्हायचे होते, तेव्हा भविष्यकाळ बरोबर होता. मग त्याच आराखड्याची पाने निबंधात उचलून घातली गेली. म्हणून आराखड्यातून काही घेतले असेल तर ‘जाणार’, ‘येईल’, ‘करण्यात येणार’ हे शब्द संगणकावर शोधून प्रत्येक ठिकाण तपासा. काम होऊन गेले तरी भविष्यकाळ उरला असेल, तर परीक्षक विचारतोच: मग हे झाले की नाही?

पायरी चौथी: सारांश

सारांश सगळ्यात शेवटी लिहा, आणि तो लिहिताना पहिला कागद समोर ठेवा. इथे एक विशिष्ट घसरण होते, ती मी पुन्हापुन्हा पाहिली आहे. निरीक्षणांच्या भागात लेखक लिहितो: ‘त्या वर्षी मे महिन्यात चारही ठिकाणी क्षारता सर्वाधिक आढळली.’ निष्कर्षात शब्द कमी करताना ‘त्या वर्षी’ आणि ‘चारही ठिकाणी’ जातात आणि ‘मे महिन्यात क्षारता सर्वाधिक आढळते’ उरते. सारांशात आणखी कात्री लागते: ‘उन्हाळ्यात क्षारता सर्वाधिक असते.’ कुणी खोटे बोलले नाही, पण तीन पानांत एका वर्षाचे निरीक्षण निसर्गनियम झाले. बहुतेक वाचक फक्त सारांश वाचतात, त्यामुळे तेच वाक्य पुढे दुसऱ्यांच्या निबंधांत उद्धृत होते.

हा एक सारांश पाहा, आधी चुकलेला:

‘लोणार सरोवराचे पाणी खारट असते. प्रस्तुत निबंधात त्याच्या क्षारतेचा अभ्यास केला जाईल. एका वर्षात ४८ नमुने घेतले गेले होते. उन्हाळ्यात क्षारता वाढते व पावसाळ्यात घटते. बाष्पीभवनामुळे ही वाढ होते. धारेजवळ क्षारता कमी असावी.’

पहिल्या वाक्यात ‘असते’ नको, ‘आहे’ हवे, कारण बोलणे एकाच सरोवराबद्दल आहे. दुसऱ्यातला भविष्यकाळ आराखड्यातून आलेला. तिसऱ्यातल्या ‘घेतले गेले होते’ची गरज नाही, कारण त्यानंतर काही उलटलेले नाही. शिवाय ‘गेले’ने कर्ताही पुसला जातो. चौथे एका वर्षावरून नियम करते. पाचवे सगळ्यात धोक्याचे: बाष्पीभवन मोजलेलेच नाही, तरी ते ठरलेले कारण म्हणून आले आहे. सहावे उलट चुकलेले आहे. ते बारा महिने मोजलेले आहे, तरी तर्क म्हणून मांडले. स्वतःच्या सर्वांत पक्क्या निरीक्षणाला ‘असावी’ लावणे आणि सर्वांत कच्च्या अनुमानाला ‘होते’ लावणे, ही उलटापालट नवख्यांच्या सारांशात इतकी वारंवार दिसते की मी आता आधी तीच शोधते.

दुरुस्त सारांश असा:

‘लोणार सरोवराचे पाणी खारट आहे. प्रस्तुत निबंधात त्याच्या क्षारतेतील महिनावार फरकाचा अभ्यास केला आहे. एका वर्षात चार ठिकाणांहून ४८ नमुने घेतले. मे महिन्यात क्षारता सर्वाधिक, तर सप्टेंबरात सर्वांत कमी आढळली. गोड्या पाण्याच्या धारेच्या मुखाशी ती वर्षभर इतर ठिकाणांपेक्षा कमी राहिली. उन्हाळ्यातील वाढ बाष्पीभवनामुळे झाली असावी. हे कारण तपासण्यासाठी बाष्पीभवनाचा दर मोजणे आवश्यक आहे.’

‘उन्हाळ्यात’च्या जागी ‘मे महिन्यात’ आले, तेही काळाशी जोडूनच. भूतकाळी क्रियापदाला नेमकी वेळ शोभते, आणि ‘असते’ला मोघम. क्रियापद बदलताना वाक्यातला काळवाचक शब्दही तपासत जा.

‘यावरून दिसते की’ या वाक्प्रयोगाविषयीही सांगायला हवे. ‘तक्ता २ वरून दिसते की मे महिन्यातील आकडा सर्वांत मोठा आहे’ हे निर्दोष, कारण तक्ता वाचकासमोर आत्ता आहे. पण ‘यावरून दिसते की उन्हाळ्यात क्षारता वाढते’ या वाक्यात बाहेरचे ‘दिसते’ नम्र वाटते आणि आतले ‘वाढते’ गुपचूप नियम मांडून जाते. सारांशात तक्ता नसतो, तेव्हा ‘दिसते’ तिथून काढून टाका.

इंग्रजी सारांश जोडायचा असेल तर

बरीच नियतकालिके मराठी निबंधाबरोबर इंग्रजी सारांशही मागतात. तो मराठीवरून शब्दाला शब्द केला तर दोन ठिकाणी पाय अडकतो. ‘निबंधात अभ्यास केला आहे’ या मराठी पूर्ण वर्तमानाच्या जागी इंग्रजीत बहुधा साधा वर्तमानकाळ येतो: निबंध अभ्यास करतो, अशा धर्तीवर. आणि मराठीत ‘१९७३ मध्ये दाखवले आहे’ चालून जाते, पण इंग्रजीत साल दिले की पूर्ण वर्तमान चालत नाही, साधा भूतकाळच लागतो. ‘असावी’ला इंग्रजीत वेगळे सहायक क्रियापद शोधावे लागते. ते गाळले गेले तर मराठीत तर्क आणि इंग्रजीत ठाम विधान, असे एकाच निबंधाचे दोन दावे छापले जातात. म्हणून तुमच्या अनुवादकाला किंवा तपासणाऱ्याला मराठी सारांशासोबत पहिला कागदही द्या.

पायरी पाचवी: फक्त क्रियापदे वाचा

मसुदा तयार झाला की तिन्ही भाग छापून घ्या आणि वाक्यांचे शेवटचे एकदोन शब्द ओळीने मोठ्याने वाचा: ‘आहे, आहे, घेतले, आढळली, राहिली, झाली असावी, आवश्यक आहे.’ दुरुस्त सारांशाची ही माळ ऐकली की मजकूर न वाचताही गोष्ट कळते: काय आहे, काय केले, काय दिसले, काय वाटते, काय हवे. चुकलेल्या सारांशाची माळ अशी होती: ‘असते, केला जाईल, घेतले गेले होते, वाढते, घटते, होते, असावी.’ इथे कान अडतो. ‘जाईल’नंतर लगेच ‘होते’ कसे आले, आणि केले ते सांगताना ‘वाढते’ कुठून आले?

ही माळ ओढल्यावर तिन्ही भागांत एकच दावा कुठे कुठे येतो ते शोधा आणि त्याची क्रियापदे शेजारी लिहा. आपल्या निबंधात बाष्पीभवनाचा दावा निष्कर्षात ‘झाली असावी’ आणि सारांशातही ‘झाली असावी’ असला पाहिजे. मे महिन्याचा आकडा दोन्हीकडे ‘आढळली’. एखाद्या ठिकाणी रूप वेगळे निघाले तर दोन्ही वाक्ये घेऊन पुन्हा पहिल्या कागदाकडे जा. तिथे ‘एक वर्ष, माझे निरीक्षण’ असे लिहिलेले असेल, तर ‘आढळली’ राहते आणि ‘असते’ जाते.